दोन मुलांची शाळेची फी जोडताना या चुका टाळा

मार्चच्या शेवटी सुदामानगरहून वहिनीचा व्हॉट्सॲपवर मुलांच्या शाळेच्या फीच्या तक्त्याचा स्क्रीनशॉट आला. खाली लिहिलं होतं, "भाऊजी, सवलत धरून एक लाख त्रेपन्न हजार होतात. चार हप्त्यांत साधारण अडतीस-अडतीस हजार. यांना तेवढे काढून ठेवायला सांगू का?"

इंदूरच्या एका खासगी शाळेत फीच्या खिडकीमागे मी बरीच वर्षं बसलो आहे, त्यामुळे असे हिशेब रोज पाहतो. वहिनीचा हिशेब चुकीचा होता. एप्रिलमध्ये तिला अडतीस नव्हे, साठ हजारांच्या वर भरावे लागणार होते. शाळेने काही लपवलेलं नव्हतं, तक्ता नीट वाचला गेला नव्हता इतकंच. तिची मोठी पाचवीत जाणार होती आणि धाकट्याचा पहिलीत नवा प्रवेश होता.

स्क्रीनशॉटमध्ये दोन्ही वर्गांपुढे पहिल्या हप्त्याचे आकडे ठळक दिसत होते: पाचवीला 22,500 आणि पहिलीला 20,000. वहिनीने दोन्हींना चाराने गुणलं. 90,000 आणि 80,000 मिळून 1,70,000 झाले, त्यातून दहा टक्के वजा केले आणि 1,53,000 आले.

पहिली चूक गुणाकारातच आहे. एप्रिलच्या हप्त्यात ट्यूशन फीसोबत वार्षिक शुल्कही असतं आणि ते वर्षातून एकदाच घेतात. शेजारचे रकाने पाहिले की हे लगेच कळतं. पाचवीचे पुढचे तिन्ही हप्ते 13,500 चे होते. म्हणजे 22,500 मध्ये 9,000 वार्षिक शुल्क आलं. पहिलीचे पुढचे हप्ते 12,000 चे, म्हणून तिथे 8,000. पहिला हप्ता आणि दुसरा हप्ता यांत फरक दिसला की तो फरक वर्षाला एकदाच धरायचा. स्क्रीनशॉटमध्ये एकच हप्ता दिसत असेल तर गुणाकार करूच नका, आधी उरलेला तक्ता मागवा.

दुसरी चूक सवलतीची, आणि माझ्या खिडकीवर सगळ्यात जास्त वाद हिच्यावरूनच होतात. भावंडांची सवलत दहा टक्के असं ऐकलं की लोक दोन्ही मुलांच्या सगळ्या फीचे दहा टक्के कापतात. वहिनीच्या स्क्रीनशॉटची खालची कड कापली गेली होती. तिला पूर्ण पान पुन्हा पाठवायला सांगितलं, तेव्हा तळाशी बारीक अक्षरांत ओळ सापडली: `Sibling concession 10% on tuition fee of younger child only`. या ओळीत तीन अटी आहेत. सवलत फक्त ट्यूशन फीवर आहे, एकाच मुलाला आहे आणि ते मूल धाकटं आहे. शाळेशाळेत हे बदलतं. कुठे दोघांनाही थोडी थोडी मिळते, कुठे मोठ्याला. पण वार्षिक शुल्क, प्रवेश फी आणि बस सहसा तिच्या बाहेरच राहतात. म्हणून "किती टक्के" याच्या आधी "कशावर आणि कोणाला" हे विचारायचं.

पहिलीची वर्षाची ट्यूशन 48,000, तिचे दहा टक्के 4,800. वहिनीने वजा केले होते 17,000.

एक्सेल किंवा गुगल शीटच्या एकाच घरात हे मांडता येतं:

```
=(13500*4+9000)+(12000*4*0.9+8000)
```

उत्तर 1,14,200 येतं. यात 0.9 कुठे लागलंय ते पाहा. धाकट्याच्या ट्यूशनच्या पुढे, आणि वार्षिक शुल्काच्या बेरजेच्या आधी. 0.9 चुकून 8000 नंतरच्या कंसाच्या पलीकडे गेला, तर सवलत वार्षिक शुल्कावरही लागते आणि उत्तर 800 ने कमी येतं.

आता तिसरी गोष्ट. नव्या प्रवेशाचे पैसे तक्त्याच्या वेगळ्या कोपऱ्यात असतात आणि मोठ्याच्या वेळी ते भरून झालेले असल्यामुळे आईवडिलांच्या लक्षात राहत नाहीत. इथे प्रवेश फी 15,000 होती आणि अनामत 5,000. अनामत शाळा सोडताना परत मिळते, तेव्हा तो खर्च नव्हे. पण एप्रिलमध्ये पैसे द्यावेच लागतात, म्हणून खर्चाच्या रकान्यात नाही तरी भरण्याच्या रकान्यात ती लिहायची. त्या पावतीचा फोटोही काढून ठेवा, कारण बऱ्याच वर्षांनी अनामत परत घेताना तीच मागतात.

बस तर वहिनी विसरलीच होती. तिच्या स्टॉपच्या टप्प्याला एका मुलाचे महिन्याला 1,800. बाराने गुणण्याआधी किती महिन्यांचं भाडं घेतात ते विचारायचं. या शाळेत मे सोडून अकरा महिने होते, म्हणून एकाचे 19,800 आणि दोघांचे 39,600. बसवर भावंडांची सवलत नव्हती.

सगळं मिळून पहिल्या वर्षी भरायचे 1,73,800 झाले. त्यातले 5,000 परत मिळणारे. पण वर्षाच्या बेरजेपेक्षा मला एप्रिलची जास्त काळजी होती. त्या एका महिन्यात मोठीचे 22,500, धाकट्याचे सवलत वजा होऊन 18,800, प्रवेश आणि अनामतीचे 20,000 आणि बसचे 3,600 असे 64,900 लागणार होते. त्यानंतरचे तीन हप्ते मात्र 24,300 चेच, बस सोडून. दादाने चार सारखे भाग करून पैसे ठेवले असते, तर पहिल्याच हप्त्याला हात आखडला असता आणि नंतर उगाच पैसे पडून राहिले असते. म्हणून बेरीज वर्षाची करा, पण तरतूद महिन्यावार लिहा.

स्क्रीनशॉट कोणत्या शैक्षणिक वर्षाचा आहे हेही वरच्या ओळीत बघायला हवं. पालकांच्या ग्रुपवर फिरणारा तक्ता पुष्कळदा मागच्या वर्षीचा असतो. मध्य प्रदेशात 2017 च्या फी नियमन कायद्याप्रमाणे शाळा दहा टक्क्यांपर्यंत वाढ स्वतः करू शकते, त्यापुढे सरकारी समितीची परवानगी लागते. जुना तक्ता हाती असेल तर दहा टक्के वाढ धरून अंदाज काढून ठेवा, म्हणजे नवा तक्ता आल्यावर धक्का बसत नाही. आणि मूल यंदा ज्या वर्गात आहे त्याची नव्हे, पुढच्या वर्गाची ओळ वाचा. चौथीतून पाचवीत जाताना बऱ्याच शाळांत दर बदलतो.

दादा जुन्या पद्धतीने आयकर भरतो, त्यामुळे 80सी साठीचा आकडा त्याला वेगळा काढून दिला. दोन मुलांपर्यंत ट्यूशन फी त्यात धरता येते, पण फक्त प्रत्यक्ष भरलेली ट्यूशन. बस, वार्षिक शुल्क, अनामत धरता येत नाही. म्हणजे 54,000 आणि 43,200 मिळून 97,200. नव्या करपद्धतीत ही वजावट नाही.

एप्रिलमध्ये वहिनी शाळेत गेली, तेव्हा धाकट्याची पावती 20,000 चीच निघाली. सवलत आपोआप लागली नव्हती. खिडकीवरच्या बाईंनी मोठीचा स्कॉलर नंबर विचारला, एक छोटा अर्ज भरून घेतला आणि 18,800 ची नवी पावती दिली. काही शाळा पहिला हप्ता पूर्ण घेऊन सवलत शेवटच्या हप्त्यात वळती करतात. तसं असेल तर तेही पावतीवर लिहून मागा.