फोटोतल्या आलेखावर ट्रेंडलाइन कशी बसवावी

अकरावीची जर्नल तपासायला कॉलेजात जमा झालेली असते आणि घरी उरतो तो फक्त आलेखाचा फोनवर काढलेला फोटो. त्यावरून रेषा बसवून उत्तर काढता येतं, आणि नीट काढलं तर ते मूळ कागदावरच्या इतकंच भरवशाचं येतं. भाचीने देवगडहून मला पाठवलेला लंबकाच्या प्रयोगाचा आलेख उदाहरणाला घेते.

प्रयोग ओळखीचा आहे. दोऱ्याची लांबी L बदलत न्यायची, प्रत्येक लांबीला २० दोलनांचा वेळ स्टॉपवॉचवर मोजायचा, त्याला २० ने भागून दोलनकाल T काढायचा आणि X अक्षावर L, Y अक्षावर T² घेऊन बिंदू मांडायचे. T² = (4π²/g) × L हे सूत्र असल्यामुळे बिंदू सरळ रेषेत यायला हवेत आणि रेषेच्या चढावरून g मिळतो.

आधी फोटो तपासा

पावसाळ्यात आपल्याकडे ग्राफ पेपर सपाट राहतच नाही. दमट हवेने कडा वर येतात आणि मधला भाग दबतो. फोटो तिरका आला तर त्याने फारसं अडत नाही, वाकलेल्या कागदाने मात्र अडतं. सपाट कागदाचा फोटो कितीही तिरका काढला तरी कागदावरची सरळ रेषा फोटोत सरळच दिसते, फक्त लांबच्या बाजूचे चौकोन लहान होतात. कागदच वाकलेला असेल तर रेषाही वाकते. म्हणून फोटो मोठा करा आणि छापील जाड रेषेला स्क्रीनवर पट्टीची कड लावून बघा. रेषा पट्टी सोडून जात असेल तर, जमत असेल तर, फोटो पुन्हा मागवा.

नवा फोटो काढताना कागदाच्या चारही कडांवर जाड पुस्तकं ठेवा. फोन कागदाला समांतर धरा, पण अगदी जवळ नको. हातभर लांब धरून थोडा झूम करा, कारण जवळून काढलेल्या फोटोत कडेच्या रेषा भिंगामुळे वाकतात. उजेड खिडकीतून बाजूने येऊ दे. फ्लॅश मारला तर पेन्सिलीचं शिसं चमकतं आणि नेमका बिंदूच दिसेनासा होतो. व्हॉट्सअॅपवर पाठवायचा असेल तर Document म्हणून पाठवा, नाहीतर फोटो दाबला जाऊन मिलिमीटरच्या रेषा एकमेकींत मिसळतात.

बिंदू चौकटीवरून वाचा

फोटोवरच बोटाने किंवा एखाद्या अॅपमध्ये रेषा ओढायचा मोह होतो, तो टाळा. तिरक्या फोटोत जवळच्या बाजूचा एक बारीक चौकोन लांबच्या चौकोनापेक्षा मोठा दिसतो. त्यामुळे नजरेने अंतरं जुळवायला गेलात की जवळच्या बिंदूंना विनाकारण जास्त वजन मिळतं. चौकटीचं तसं नाही. बिंदू आणि चौकट एकाच फोटोत असल्यामुळे दोघांचा तिरकेपणा सारखाच असतो, तेव्हा चौकोन मोजून वाचलेली किंमत बरोबर येते.

प्रत्येक बिंदूपाशी झूम करा, भोवती काढलेल्या वर्तुळाचा नव्हे तर आतल्या टिंबाचा मध्य धरा, आणि सर्वांत जवळच्या जाड रेषेपासून बारीक चौकोन मोजा. भाचीच्या आलेखात Y अक्षावर १ सेंमी म्हणजे ०.२ सेकंद वर्ग होते, म्हणजे एक बारीक चौकोन ०.०२ चा. वाचलेल्या किमती अशा होत्या:

| L (मीटर) | T² (सेकंद वर्ग) |
|---|---|
| ०.२० | ०.९० |
| ०.४० | १.६८ |
| ०.६० | २.५२ |
| ०.८० | २.९८ |
| १.०० | ४.१० |

रेषा बसवा, पण आंधळेपणाने नको

या किमती गूगल शीट्समध्ये A2 ते B6 मध्ये भरा आणि दोन रिकाम्या घरांत ही सूत्रं लिहा:

```
=SLOPE(B2:B6, A2:A6)
=INTERCEPT(B2:B6, A2:A6)
```

आधी Y, मग X हा क्रम सांभाळा. उलटा झाला तर चढ ४ च्या आसपास न येता पाव येतो, त्यावरून चूक लगेच कळते.

पाचही बिंदू घेतले तर चढ ३.८५ येतो आणि g = 39.48 / 3.85, म्हणजे १०.२५. कोकण किनारा समुद्रसपाटीला आणि साधारण १६ ते २० अंश अक्षांशावर आहे, तिथे g जवळपास ९.७८ असतो. फरक खूपच मोठा आहे, आणि तो एका बिंदूने आणलेला आहे. ०.८० चा बिंदू सोडून बाकीच्या चारांवर रेषा बसवली की ते चारही रेषेपासून एका बारीक चौकोनाच्या आत राहतात. तीच रेषा ०.८० ला ३.३० दाखवते आणि बिंदू २.९८ वर आहे, म्हणजे सोळा चौकोन खाली.

बिंदू रेषेत नाही एवढ्यावरून तो काढून टाकायचा नसतो, कारण शोधायचं असतं. इथे ते सापडतं. २.९८ भागिले ३.३० म्हणजे ०.९०, आणि १९/२० चा वर्गही ०.९०. स्टॉपवॉच १९ दोलनांनंतरच थांबवलं आणि भागलं मात्र २० ने. सुरुवातीला घड्याळ चालू करताना «शून्य» म्हणायच्या ऐवजी «एक» म्हटलं की नेमकं हेच होतं. शक्य असेल तर ते माप पुन्हा घ्या. नसेल तर बिंदू खोडू नका. त्याभोवती वेगळी खूण करा, शेजारी कारण लिहा आणि रेषा त्याच्याशिवाय बसवा.

चार बिंदूंवर चढ ४.०१ येतो आणि g = ९.८४.

रेषा शून्यातून ओढून नेऊ नका

सूत्रात L शून्य तर T² शून्य, म्हणून मुलं रेषा आरंभबिंदूतून जबरदस्तीने नेतात. आपल्या चार बिंदूंना तसं केलं तर चढ ४.१४ होतो आणि g थेट ९.५३ वर घसरतो. मोकळी सोडलेली रेषा Y अक्षाला ०.०९ वर छेदते. त्याला चढाने भागलं की ०.०२३ मीटर, म्हणजे सव्वादोन सेंटिमीटर मिळतात. दोरा गोळ्याच्या हुकापर्यंतच मोजला होता, गोळ्याच्या मध्यापर्यंत नाही, हे त्यावरून कळतं. हुक आणि गोळ्याची त्रिज्या मिळून एवढं अंतर सहज होतं. मोजपट्टी लावून ते पडताळून बघा. प्रत्येक लांबीत सारखीच कसर असल्यामुळे चढाला धक्का लागत नाही, ही मोकळ्या रेषेची मोठी सोय आहे.

उत्तर किती खात्रीचं आहे तेही बघा. रेषेचं एक टोक एक चौकोन वर आणि दुसरं एक चौकोन खाली सरकवलं तर ०.८ मीटरच्या पल्ल्यात चढ ०.०५ ने बदलतो, आणि g साधारण ०.१२ ने. म्हणून ९.८४ च्या पुढे आणखी अंक लिहायला आधार नाही, आणि ९.७८ या हद्दीत आरामात बसतो.

जर्नल परत मिळाली की मूळ कागदावर L = 0 ला ०.०९ आणि L = 1.00 ला ४.१० या दोन जागा धरून पट्टीने बारीक रेषा ओढा. चढासाठीचा त्रिकोण या रेषेवरच्या दूरदूरच्या दोन जागा घेऊन काढा, मांडलेले बिंदू घेऊन नको.