मक्यावर घर चालणार असेल, तर चुना आत्ताच आणून ठेवा: पेलाग्रा टाळण्यासाठी काढणीनंतरचा सल्ला

काढणी झाली, दाणे वाळले, कणग्या भरल्या. पुढच्या काढणीपर्यंत ज्या घरात दोन्ही वेळचं जेवण प्रामुख्याने मक्याचंच असणार आहे, त्यांच्यासाठी हा सल्ला आहे. काढणीनंतरच्या पहिल्या महिन्यांत फारशी अडचण येत नाही, कारण घरात शेंगा असतात, डाळी असतात, थोडंफार दूध, अंडी, मांसही असतं. हे सगळं हळूहळू संपतं आणि शेवटी ताटात नुसतं मक्याचं पीठ उरतं. त्याच सुमारास ऊन तापायला लागलं, की पेलाग्रा हा पोषणाच्या कमतरतेचा आजार अंगावर दिसू लागतो.

सुरुवातीला तो उन्हाने भाजल्यासारखा वाटतो, म्हणून दुर्लक्ष होतं. फरक ओळखायची खूण म्हणजे डाव्या-उजव्या बाजूचं साम्य. दोन्ही हातांच्या पाठी, दोन्ही पावलं आणि गळ्याभोवतीचा पट्टा असे उन्हात उघडे राहणारे भाग लाल होतात, मग काळवंडतात, खरखरीत होऊन त्यांची सालं निघतात. कपड्याने झाकलेली कातडी जिथे सुरू होते, तिथे रेघ मारल्यासारखी कड दिसते. जीभ लालभडक होऊन दुखते आणि जुलाब लागतात. झोप उडते, माणूस चिडचिडा किंवा गप्प होतो आणि पुढे त्याला भ्रम होऊ लागतो. उपचार झाला नाही तर जीवही जातो. स्पेनमधल्या आस्तुरियासचे वैद्य गास्पार कासाल यांनी 1735 मध्ये मक्यावर जगणाऱ्या गरीब शेतकऱ्यांमध्ये हा आजार टिपला. गळ्याभोवतीच्या त्या पट्ट्याला आजही त्यांचंच नाव आहे.

नंतर उत्तर इटलीत आणि विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या राज्यांत या आजाराने हजारो माणसं मेली. पुष्कळ डॉक्टर त्याला संसर्गजन्य रोग समजत होते, तर काहींना सडक्या मक्यातल्या विषाची शंका होती. अमेरिकन डॉक्टर जोसेफ गोल्डबर्गर यांनी 1915 मध्ये मिसिसिपीतल्या रँकिन तुरुंगाच्या शेतीवर शिक्षामाफीच्या बोलीवर तयार झालेल्या निरोगी कैद्यांना मका, तांदूळ, गव्हाचं पीठ, काकवी असा साधा पिष्टमय आहार दिला. काही महिन्यांत अकरापैकी सहा जणांना पेलाग्राची लक्षणं दिसली. आहारात काहीतरी कमी पडतं, हे त्यातून दिसलं. पण नेमकं काय, हे कळायला 1937 साल उजाडलं. त्या वर्षी अमेरिकन जीवरसायनशास्त्रज्ञ कॉनरॅड एल्व्हेजेम यांनी कुत्र्यांमधला याच जातीचा आजार निकोटिनिक आम्लाने, म्हणजे नायसिन या जीवनसत्त्वाने, बरा करून दाखवला.

या सगळ्यात एक गोष्ट मात्र कोड्यासारखी होती. मका मूळचा मेक्सिको आणि मध्य अमेरिकेचा. तिथे हजारो वर्षं लोक मक्यावरच जगले, तरी त्यांच्यात पेलाग्राची साथ नव्हती. तिथल्या बायका दाणे चुन्याच्या किंवा राखेच्या पाण्यात शिजवत, रात्रभर तसेच ठेवत, धुवत आणि मग वाटत. मक्याचं बियाणं जहाजातून युरोपात गेलं, पण ही रीत त्याच्यासोबत गेली नाही. गिरणीत कोरडे दाणे दळून पीठ करणं सोपं होतं, आणि चुन्याचं पाणी का लागतं हे विचारायला तिथे कोणी नव्हतं.

चुना नेमकं काय करतो, ते आकड्यांनी पाहिलं तर लगेच पटतं. प्रौढ पुरुषाला दिवसाला साधारण 16 मिलिग्रॅम नायसिन लागतं, स्त्रीला 14. तो माणूस दिवसभरात अर्धा किलो मका खातो असं धरू. शंभर ग्रॅम वाळक्या मक्यात दोन-तीन मिलिग्रॅम नायसिन असतं, म्हणजे कागदावर 10 ते 15 मिलिग्रॅम मिळायला हवं. पण पक्व दाण्यातलं बहुतेक नायसिन लांबलचक शर्करासाखळ्यांना रासायनिक बंधाने घट्ट जोडलेलं असतं. तो बंध पोटातल्या आम्लाला तुटत नाही, आतड्यातल्या पाचकरसांनाही नाही, आणि साध्या पाण्यात कितीही वेळ शिजवलं तरी तो सैल होत नाही. नायसिन पोटात जातं आणि तसंच बाहेर पडतं.

शरीराकडे दुसरी वाट असते. प्रथिनातल्या ट्रिप्टोफॅनपासून ते स्वतः नायसिन बनवतं, साधारण 60 मिलिग्रॅमपासून एक. मक्यात नेमकं हेच अमिनो आम्ल कमी. अर्ध्या किलोत साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास, म्हणजे त्याचं सगळं रूपांतर झालं तरी नायसिन सहा मिलिग्रॅमच्या आत. प्रत्यक्षात त्यातलं बरंच शरीराच्या झिजेसाठी वापरलं जातं. म्हणजे पोट भरलेलं, पण गरजेच्या निम्माही पुरवठा नाही. चुन्याचं पाणी तीव्र अल्कधर्मी असतं आणि त्यात हा बंध तुटतो. मग तेच 10 ते 15 मिलिग्रॅम, धुण्यात जाणारा थोडा अंश वगळता, शरीराला मिळू लागतं.

आता कृती. एक किलो स्वच्छ वाळक्या दाण्यांना तीन लिटर पाणी आणि 10 ग्रॅम विरलेला चुना, म्हणजे दाण्यांच्या वजनाचा शंभरावा भाग. चुना अंदाजाने न घेता एकदा तोलून घ्यावा आणि तेवढ्याचं माप ठरवून ठेवावं. चुना आधी गार पाण्यात ढवळावा, मग दाणे घालून उकळी आणावी. मंद आचेवर अर्धा ते पाऊण तास ठेवावं, जुना कडक दाणा असेल तर थोडा जास्त वेळ. आच बंद करून झाकण ठेवावं आणि आठ ते बारा तास त्याच पाण्यात राहू द्यावं. ही भिजवण टाळू नये, कारण चुना दाण्याच्या आतपर्यंत पोचायला वेळ लागतो. नंतर पाणी ओतून दाणे चोळत दोन-तीन पाण्यांनी धुवावेत. सुटी झालेली सालं निघून जातात. दाण्याच्या टोकाचा अंकुर मात्र काढू नये, चांगली प्रथिनं त्यात असतात. ओले दाणे लगेच वाटून घ्यावेत. वाटलेला गोळा लवकर आंबतो, म्हणून त्याच दिवशी संपवावा. जास्त दिवसांसाठी हवं असेल तर धुतलेले दाणे कडकडीत वाळवून दळावेत.

बहुतेकांची चूक चुना निवडताना होते. जमिनीत टाकायची चुनखडी इथे चालत नाही. ती पाण्यात जवळजवळ विरघळत नाही आणि पाणी हवं तितकं अल्कधर्मी होत नाही. कळीचा चुना थेट भांड्यात घालू नये. पाणी लागताच तो भयंकर तापतो, उसळतो, डोळ्यात गेला तर डोळा जाऊ शकतो. फवारणीचं मिश्रण करायला आणलेला चुना स्वयंपाकात आणू नये, त्यात काय मिसळलंय याची खात्री नसते. खाण्यायोग्य म्हणून विकला जाणारा विरलेला चुना घ्यावा आणि हवाबंद डब्यात ठेवावा. उघडा राहिला तर हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन तो हळूहळू पुन्हा चुनखडीच बनतो. पावडर तशीच पांढरी दिसते, पण कामाची राहत नाही.

आणखी एक सवय सोडावी लागेल. काही जण चुना खाली बसू देऊन वरची फक्त निवळी वापरतात. लिटरभर पाण्यात दीड-पावणेदोन ग्रॅमच चुना विरघळतो, त्यामुळे तीन लिटर निवळीत जेमतेम पाच ग्रॅम येतो. दाणे तो शोषून घेतात आणि पाण्याचा जोर संपतो. गढूळ पाणीच वापरावं. तळाचा चुना लागेल तसा विरघळत राहतो.

काम नीट होतंय का, हे भांड्यातच दिसतं. वीस-पंचवीस मिनिटांत पाणी पिवळसर व्हायला हवं, पांढऱ्या मक्याचंही होतं. अर्ध्या-पाऊण तासाने दाणा अंगठा आणि बोटात चोळला की साल सरकायला हवी. पाणी फिकटच राहिलं आणि साल चिकटूनच असेल, तर चुना मेलेला आहे किंवा माप कमी पडलंय. उलट दाणे गर्द पिवळे, बुळबुळीत आणि साबणासारख्या चवीचे झाले, तर चुना जास्त झालाय किंवा धुणं कमी पडलंय. भांडं स्टीलचं, एनॅमलचं किंवा मातीचं असावं. ॲल्युमिनियमला हे पाणी खातं. उरलेलं पाणी तळ्यात, विहिरीजवळ किंवा एकाच झाडाच्या बुंध्याशी ओतू नये, ते फार तिखट अल्कधर्मी असतं.

बुरशी लागलेला मका चुन्याने शुद्ध होतो असं मानू नका. अफ्लाटॉक्सिन हे बुरशीचं विष काही प्रमाणात कमी होतं, पण जठरातल्या आम्लात त्यातला काही भाग पुन्हा विषारी रूपात येऊ शकतो. त्यामुळे काळे, बुरसटलेले दाणे आधीच वेचून टाका आणि साठवणीपूर्वी ओलावा 13 टक्क्यांच्या आसपास आणा. बीजप्रक्रिया केलेलं उरलेलं बियाणं तर कधीच खाऊ नये, कितीही धुतलं तरी.

चुना दाण्यात नसलेलं नायसिन आणत नाही, आत अडकलेलं सोडवतो. म्हणून मक्याशेजारी शेंगवर्गीय पीक हवंच. 1990 मध्ये मलावीत मोझांबिकच्या निर्वासितांमध्ये पेलाग्राचे सुमारे 18 हजार रुग्ण आढळले. त्यांचं मुख्य अन्न मका होतं आणि शिध्यातले शेंगदाणे थांबले होते. शेंगदाण्यात 100 ग्रॅममागे सुमारे 12 मिलिग्रॅम नायसिन असतं, तेही शरीराला मिळणारं. मूठभर शेंगदाणे रोज पुरतील एवढा साठा पुढच्या काढणीआधीच्या महिन्यांसाठी वेगळा बांधून ठेवावा. दुधाळ अवस्थेतल्या कणसांत नायसिन पक्व दाण्याइतकं बांधलेलं नसतं, तेव्हा थोडी कणसं ओलीच खाणंही हिताचं आहे.

वर सांगितलेल्या खुणा दिसल्या तर नुसता आहार बदलून वाट पाहू नये, दवाखान्यात जावं. निकोटिनामाइड या नायसिनच्याच रूपाच्या गोळ्यांनी थोड्याच दिवसांत उतार पडतो. क्षयरोगासाठी आयसोनियाझिड घेणाऱ्यांनी आणि रोज दारू पिणाऱ्यांच्या घरच्यांनी अधिक लक्ष ठेवावं, त्यांच्यात नायसिनची कमतरता लवकर येते.

पुढच्या पेरणीसाठी बियाणं ठरवताना उच्च प्रथिन गुणवत्तेच्या मक्याचा विचार करावा. त्यात ट्रिप्टोफॅन आणि लायसिन नेहमीच्या मक्याच्या जवळपास दुप्पट असतं. हा गुण ओपेक-2 नावाच्या अप्रभावी जनुकावर अवलंबून आहे, म्हणून शेजारच्या साध्या मक्याचा पराग पडला की त्या दाण्यात तो दिसत नाही. असं पीक साध्या मक्यापासून दूर लावा, किंवा तुरे वेगवेगळ्या वेळी येतील अशी पेरणीत दोन-तीन आठवड्यांची तफावत ठेवा. घरचं बियाणं धरायचं असेल तर कडेच्या ओळींतली कणसं सोडून शेताच्या मधली घ्या.