1 लाख 40 हजार व्ह्यूज, आणि काकांचा एकच प्रश्न

फ्रीलान्स सोशल मीडियाचं काम नवीन सुरू करताय आणि महिन्याच्या शेवटी क्लायंटला रिपोर्ट काय द्यायचा हे कळत नाहीये, तर माझी फजिती ऐका आधी.

कोल्हापुरातले एक काका, कांदा-लसूण मसाल्याचं छोटं दुकान, म्हणजे आपल्याकडे ज्याला नुसतं चटणी म्हणतात ती. पुण्या-मुंबईला राहणाऱ्या आपल्या लोकांना कुरिअरने पाठवायची म्हणून मला पेज चालवायला दिलं. पहिल्याच महिन्यात डंकावर मिरची कुटतानाची रील जोरात चालली, 1 लाख 40 हजार व्ह्यूज. मी अकरा पानांचा रिपोर्ट केला, रीच, व्ह्यूज, एंगेजमेंट, फॉलोअर्स, रंगीत ग्राफ, सगळं. काकांनी चष्मा लावून पानं उलटली आणि म्हणाले, "छान केलंयस गं बाळ, पण ह्यातनं गल्ल्यात काय पडलं?"

मला सांगता आलं नाही. कारण मी ते मोजतच नव्हते!

नंतर ऑडियन्सची शहरं उघडून बघितली तर रील बघणारे निम्म्याहून जास्त महाराष्ट्राबाहेरचे निघाले, त्यांना मिरची कुटतानाचा आवाज आवडला होता, चटणी नको होती. आणि व्ह्यूज म्हणजे माणसं नव्हेत, एकाच माणसाने चारदा बघितलं की चार व्ह्यूज. रीच म्हणजे वेगवेगळी अकाउंट्स, पण त्यातही नवीन लोक एक चूक हमखास करतात, चार आठवड्यांचे रीच बेरीज करून महिन्याचा रीच म्हणून लिहितात. तसं होत नाही, पहिल्या आठवड्यातला माणूस तिसऱ्या आठवड्यातही असतो, बेरजेत तो दोनदा येतो. इनसाइट्समध्ये पूर्ण महिन्याची तारीख टाकून जो आकडा येतो तोच घ्यायचा.

तर मग मोजायचं काय? काकांचा धंदा व्हॉट्सॲपवर होतो, म्हणून मोजणी तिथनंच सुरू केली. बिझनेस ॲपमध्ये लेबल्स असतात, त्यात "भाव विचारला", "ऑर्डर", "पैसे आले", "परत घेतलं" अशी चार लेबलं केली. गिऱ्हाईक कुठून आलं ते कळावं म्हणून बायोतल्या लिंकला आधीच लिहिलेला मेसेज जोडला:

```
https://wa.me/91XXXXXXXXXX?text=इन्स्टावरून%20चटणी%20हवी
```

जाहिरातीला वेगळं वाक्य ठेवलं. म्हणजे पहिला मेसेज वाचूनच कळतं की माणूस बायोतून आला का जाहिरातीतून. काहीजण ते वाक्य खोडून नुसतं "हाय" टाकतात, ते आपले "माहीत नाही"च्या रकान्यात, तिथे अंदाजाने भरायचं नाही. आणि दुकानात येणाऱ्यांसाठी काउंटरवर एक वही, "कुठं बघितलंत?" विचारून रेघ मारायची. काकांचा पोरगा पहिले आठ दिवस विसरला, मग वहीच गल्ल्याच्या वर ठेवली तेव्हा सुरळीत झालं.

आता दुसऱ्या महिन्याचा हिशोब. जाहिरात पुणे आणि मुंबईलाच लावली, खर्च 6,000. इथे अजून एक खड्डा आहे, ॲड्स मॅनेजर जो खर्च दाखवतो त्यात जीएसटी धरलेला नसतो. 18 टक्के धरले की काकांच्या खिशातून गेले 7,080, आणि रिपोर्टमध्ये खिशातून गेलेलेच पैसे लिहायचे, नाहीतर बँकेचं स्टेटमेंट बघून क्लायंट तुम्हालाच विचारणार. (काकांकडे जीएसटी नंबर नव्हता, त्यामुळे ते परत मिळायचा प्रश्नच नव्हता.)

मॅनेजरमध्ये 131 संभाषणं दिसत होती, फोनमध्ये मोजली तर 118. थोडा फरक राहतोच, एक कारण म्हणजे आधी बोललेला माणूस सात दिवसांहून जास्त गप्प राहून परत बोलला तर मेटा ते नवीन धरतं. मी फोनमधला आकडा घेतला कारण तो काकांना स्वतः बोट लावून मोजता येतो.

118 पैकी ऑर्डरी 21. सरासरी ऑर्डर 640 रुपयांची. मिरची, मसाले, मजुरी, पॅकिंग, कुरिअर सगळं वजा जाता काकांकडे शंभरातले साधारण 30 उरतात, म्हणजे एका ऑर्डरीमागे 192. आणि एक ऑर्डर आणायला जाहिरातीचा खर्च? 7,080 भागिले 21, जवळजवळ 337.

म्हणजे 192 कमवायला 337 घातले होते. हे लिहायला माझा हात धजेना, खरं सांगते. "60 रुपयांत एक चौकशी" एवढंच लिहून मोकळं व्हावं असं वाटत होतं, तेही खोटं नव्हतं ना. पण मग ती संभाषणं एकेक उघडून वाचत बसले, आणि खरं उत्तर तिथे होतं. 118 मधले 34 मेसेज रात्री नऊनंतर आले होते. काका नऊला झोपतात. उत्तर जायचं दुसऱ्या दिवशी दुपारी, दुकानातली गर्दी ओसरल्यावर. त्या 34 मधून ऑर्डर आली फक्त एक. दिवसाच्या 84 मधून वीस.

म्हणजे जाहिरात वाईट नव्हती, रात्रीचे पैसे वाया जात होते. हे कुठल्याच डॅशबोर्डवर दिसत नाही, चॅटची वेळ बघावी लागते.

त्या महिन्याचा रिपोर्ट एका पानाचा केला, मराठीत, आणि पाठवला व्हॉट्सॲपवरच. वर तीनच ओळी: गेले किती, ऑर्डरी किती, एका ऑर्डरीमागे उरतात 192 आणि लागले 337. त्याखाली रात्रीच्या मेसेजांची गोष्ट आणि पुढच्या महिन्यात काय बदलायचं ते. रीच-व्ह्यूज सगळ्यात शेवटी एका ओळीत. ते फेकून देऊ नका, कुठली रील परत करायची हे ठरवायला मला लागतातच, पण ते माझ्या कामाचे आकडे, काकांच्या नाही.

बदल दोनच केले. जाहिरातीला रोजच्या बजेटऐवजी लाइफटाइम बजेट लावलं, त्यात तासांचं शेड्यूल मिळतं, रात्री आठला बंद. आणि तरी उशिरा कोणी आलंच तर अवे मेसेजमध्ये पाव किलो, अर्धा किलो, किलोचा भाव आणि "सकाळी आठला फोन करतो". तेवढ्याच खर्चात पुढच्या महिन्यात चौकश्या कमी झाल्या, 109, पण ऑर्डरी 38. एका ऑर्डरीमागे जाहिरात 186. शिवाय आधीच्या महिन्यातल्या 21 जणांपैकी सहाजणांनी परत मागवली, त्यांच्यासाठी जाहिरातीचा रुपया लागला नाही, म्हणून "परत घेतलं" हे लेबल मी रिपोर्टमध्ये वेगळं दाखवते.

फक्त आधीच्या महिन्याशी तुलना करताना जपून. चटणीचा धंदा उन्हाळ्यात वेगळा, पावसाळ्यात वेगळा, मार्च-एप्रिलला अर्धं कोल्हापूर घरीच वर्षाची चटणी करतं. वर्ष झालं की गेल्या वर्षीच्या त्याच महिन्याशी लावायचं, तोवर रिपोर्टमध्ये सीझनची एक ओळ टाकायची.

काकांनी ते पान वाचलं, 192 मधून 186 वजा केले आणि म्हणाले, "सहा रुपये सुटले म्हण की. आणि तुझी फी?"

फी 8,000. ती मी त्या हिशोबात धरलीच नव्हती. तेव्हापासून ती खर्चाच्या ओळीत जाहिरातीच्या खालीच लिहिते, आणि काकांनी फी कमी कर असं अजून म्हटलेलं नाही, फक्त दर महिन्याला पहिल्यांदा तीच ओळ बघतात.