होर्डिंगच्या छायाचित्राचे विश्लेषण लिहिताना या चुका टाळा

होर्डिंगचे छायाचित्र देऊन ‘यातील मन वळवण्याच्या युक्त्या स्पष्ट करा’ असे विचारले, की बहुतेक उत्तरे फलकावर काय काय दिसते याची यादी देऊन थांबतात. यादी अचूक असली तरी ती विश्लेषण ठरत नाही.

उदाहरणासाठी एक फलक कल्पू. मुंबईहून नाशिकमध्ये शिरताना पाथर्डी फाट्याच्या अलीकडे, महामार्गालगत, एका गृहप्रकल्पाचे चाळीस फूट रुंद आणि वीस फूट उंच होर्डिंग आहे. गडद हिरव्या पार्श्वभूमीवर पिवळसर अक्षरांत ‘धावणं पुरे. आता घरी या.’ एवढेच शब्द आहेत. उजवीकडे बाल्कनीत उभे असलेले जोडपे आणि मुलगी, तर खालच्या कोपऱ्यात बारीक अक्षरांत महारेरा या राज्याच्या गृहप्रकल्प नियामक प्राधिकरणाचा नोंदणी क्रमांक व क्यूआर कोड.

रंगाबाबतची नेहमीची चूक म्हणजे कोशातून काढल्यासारखा अर्थ लावणे: हिरवा म्हणजे निसर्ग, लाल म्हणजे धोका. लाल रंग लग्नपत्रिकेवरही असतो आणि विजेच्या खांबावरच्या पाटीवरही, त्यामुळे सुटा रंग फारसे काही सांगत नाही. तो कशाच्या शेजारी आहे ते पाहावे. आपल्या फलकाभोवती धुळकट रस्ता, काँक्रीट आणि ट्रकांची रांग आहे. त्या करड्या पट्ट्यात हिरवा चौकोन आधी डोळ्यांत भरतो आणि मग द्राक्षमळ्यांच्या, मोकळ्या हवेच्या नाशिकची आठवण जागवतो. ‘वेगळेपणामुळे लक्ष जाते’ आणि ‘आठवणीमुळे ओढ वाटते’ ही दोन कामे उत्तरात वेगळी लिहावीत.

घोषवाक्याला ‘आकर्षक’ म्हणून सोडून देणे ही त्याहून मोठी चूक आहे. वाक्य काय गृहीत धरते, हे शोधावे. ‘धावणं पुरे’ असे म्हणताना वाचणारा धावतो आहे, थकला आहे, हे सिद्ध न करताच मान्य करून घेतले जाते. आणि ‘घरी या’ म्हटल्यावर जे घर अजून विकतच घ्यायचे आहे, ते आधीपासून आपलेच असल्यासारखे वाटू लागते. किंमत, क्षेत्रफळ, पाण्याची सोय यांपैकी कशाचाही उल्लेख नाही, आणि ही अनुपस्थितीही नोंदवण्याजोगी आहे.

देहबोलीबद्दल ‘कुटुंब आनंदी आहे’ एवढ्याने भागत नाही. कोण कोणाकडे पाहते आहे, याची रेषा मनात आखावी. नवरा-बायको मुलीकडे पाहत आहेत, मुलगी मात्र अक्षरांकडे बोट दाखवते आहे; त्यामुळे चेहऱ्यांवर गेलेली आपली नजर घोषवाक्याकडे वळते. खात्री करायची असल्यास मुलीचा हात अंगठ्याने झाकून चित्र पुन्हा पाहावे. नजर चेहऱ्यांवरच रेंगाळू लागली, तर युक्ती त्या हातातच होती.

जागेचा विचार तर अनेक उत्तरांत येतच नाही. आपला फलक मुंबईकडून येणाऱ्या वाहनांना तोंड करून आहे, म्हणून ‘धावणं’ हा शब्द नेमका कोणाला उद्देशून आहे ते उलगडते. तोच फलक नाशिक शहरातल्या गंगापूर रोडवर लावला, तर त्यातला अर्धा जोर जाईल. ताशी साठ किलोमीटर वेगाने गाडी सेकंदाला सुमारे सतरा मीटर पुढे सरकते, म्हणजे शंभर मीटरवरून वाचता येणारा फलक वाचायला जेमतेम सहा सेकंद मिळतात. पाच शब्दांचे कारण इथे आहे. कोपऱ्यातला क्यूआर कोड मात्र मन वळवण्याची युक्ती समजू नये: महारेराने ऑगस्ट 2023 पासून गृहप्रकल्पांच्या जाहिरातींत तो बंधनकारक केला आहे, आणि धावत्या गाडीतून तो स्कॅन होणेही कठीण.

सर्वांत अवघड चूक शेवटी घेतो. छायाचित्रात दोन माणसांचे हेतू एकत्र आलेले असतात: फलक करणाऱ्याचे आणि फोटो काढणाऱ्याचे. छायाचित्रकार मार्गारेट बर्क-व्हाइट यांनी 1937 मध्ये अमेरिकेतील लुइव्हिल येथे टिपलेल्या छायाचित्रात मोटारीतून जाणारे हसरे गोरे कुटुंब आणि ‘जगातील सर्वोच्च राहणीमान’ अशा अर्थाची घोषणा फलकावर आहे. त्याखाली मदतीसाठी रांगेत उभे असलेले कृष्णवर्णीय लोक आहेत. फलकाची युक्ती अभिमान जागवण्याची, तर छायाचित्राची युक्ती त्या अभिमानाला खोटे पाडण्याची. या दोन्हींची सरमिसळ झाली, की फलकावरच उपरोध आहे असे विधान उत्तरात शिरते. ही रांग महामंदीतल्या बेकारांची आहे, असेही पुष्कळदा लिहिले जाते. प्रत्यक्षात ते ओहायो नदीच्या महापुराचे पीडित होते. शिवाय छायाचित्र कृष्णधवल असल्याने फलकाच्या रंगांविषयी त्यावरून काहीच लिहिता येत नाही.

म्हणून पाथर्डी फाट्याच्या फलकाचा फोटो खालून, आभाळ मागे धरून काढला असेल, तर फलकाला आलेला भारदस्तपणा जाहिरातदाराच्या खात्यावर मांडू नये. आणि ‘लोक याला भुलतात’ असेही लिहू नये, कारण एका छायाचित्रावरून हेतूचा अंदाज बांधता येतो, परिणामाचा नाही.