पासवर्ड एन्क्रिप्ट करून ठेवताय? या चुका टाळा

२०१३ साली अ‍ॅडोबी कंपनीच्या ग्राहकांचा डेटा चोरीला गेला. बाहेर आलेल्या फाइलमध्ये सुमारे १५ कोटी नोंदी होत्या. पासवर्ड ट्रिपल डेसने एन्क्रिप्ट केलेले होते आणि त्याची किल्ली कुणाच्या हाती लागल्याचं कधी जाहीर झालं नाही. तरीही ढीगभर पासवर्ड ओळखले गेले.

कारण किल्ली सगळ्यांसाठी एकच होती आणि मोड ईसीबी. त्यात सारखा पासवर्ड एन्क्रिप्ट केला की सारखीच अक्षरं मिळतात. सुमारे १९ लाख खात्यांपुढे एकच मजकूर होता. तो निघाला `123456`. शिवाय पासवर्ड आठवण्यासाठी लोकांनी लिहिलेल्या खुणा त्याच फाइलमध्ये उघड्या होत्या. एकाने खुणेत पासवर्ड जवळजवळ लिहूनच ठेवला, की तोच पासवर्ड असलेले बाकीचे सगळे उघडे पडले.

यावर ‘मग आपण चांगला मोड वापरू’ असं म्हणणारे भेटतात. त्याने सारखेपणा लपेल, पण लॉगिन तपासायला किल्ली अ‍ॅपच्या हाताशीच लागणार. सर्व्हरमध्ये शिरलेल्याला कुलूप आणि किल्ली दोन्ही मिळतात. मुळात अ‍ॅपला जुना पासवर्ड परत हवाच कशाला? टाइप केलेला तोच आहे का, एवढंच बघायचं असतं. हॅश तेवढंच करतो, आणि त्याला उलट फिरवणारी किल्लीच नसते. तुमचं अ‍ॅप ‘पासवर्ड विसरलात?’ वर जुनाच पासवर्ड मेल करत असेल, तर तो परत वाचता येईल असा साठवला आहे हे नक्की.

दुसरी चूक म्हणजे हॅश म्हणून साधं एसएचए-२५६ वापरणं. ते वेगासाठी बनवलेलं आहे. एका ग्राफिक्स कार्डावर सेकंदाला अब्जावधी अंदाज तपासता येतात. इथे मुद्दाम संथ असलेलं बीक्रिप्ट किंवा आर्गॉन-२आयडी हवं. दोन्हींत प्रत्येक पासवर्डला वेगळं सॉल्ट, म्हणजे हॅश काढताना मिसळलेला रँडम मजकूर, असतं, म्हणून दोघांचा पासवर्ड एकच असला तरी हॅश वेगळे दिसतात.

आणि इथेच नवखे अडकतात. पासवर्डचा पुन्हा हॅश काढून `==` ने ताडून बघतात, तो कधीच जुळत नाही, कारण सॉल्ट दर वेळी नवं. पीएचपीत असं करा:

```php
$hash = password_hash($pw, PASSWORD_BCRYPT, ['cost' => 12]);
$ok = password_verify($pw, $hash);
```

तरीही लॉगिन होत नसेल, तर डेटाबेसमधला कॉलम बघा. बीक्रिप्टचा हॅश ६० अक्षरांचा असतो. कॉलम `VARCHAR(50)` असेल, तर काही डेटाबेस शेपूट गुपचूप कापतात. तो २५५ चा करा. कापले गेलेले पासवर्ड मात्र रीसेटच करावे लागतील.

आधीचे एन्क्रिप्ट केलेले पासवर्ड एकदाच उलगडून बीक्रिप्टमध्ये टाका आणि जुना कॉलम पुसा. बॅकअपमधला तोच कॉलम बहुतेक जण विसरतात. जुनी किल्लीही नष्ट करा, पण त्याआधी तिने दुसरं काही एन्क्रिप्ट केलेलं नाही ना, हे तपासा.