सेमिनारचं टाइमटेबल करताना बफर नेमका कुठे ठेवायचा

एका दिवसाच्या सेमिनारचं मिनिट-टू-मिनिट शेड्यूल पहिल्यांदा माझ्याकडे आलं तेव्हा मी प्रत्येक सेशननंतर ५ मिनिटं मोकळी सोडली होती, आणि तीच पानं सगळ्या वक्त्यांना पाठवली. झालं काय तर प्रत्येकाला ती ५ मिनिटं आपलीच वाटली, जेवण १ ऐवजी पावणेदोनला सुटलं आणि दुपारच्या पहिल्या वक्त्याला अर्ध्या हॉलसमोर बोलावं लागलं. त्याचं वाईट मला अजून वाटतं.

आता मी दोन प्रती करते. एक सगळ्यांना द्यायची, दुसरी फक्त आपल्या टीमची, तिच्यात 'उशीर झाला तर काय कापायचं' असा एक जादा कॉलम असतो. आणि सुरुवात सकाळपासून नाही, जेवणापासून उलटी करायची, कारण जेवणाची वेळ हलली की पुढचं सगळं हलतं.

समजा १० ते १ असे १८० मिनिटं आहेत. उद्घाटन २५, पहिलं सेशन ५०, चहा २०, दुसरं सेशन ५०, म्हणजे १४५ झाले. उरले ३५. यातले १५ सुरुवातीला, म्हणजे छापायचं १० पण आपल्या प्रतीत सव्वादहा, आणि उरलेले २० जेवणाच्या आधी एकगठ्ठा. हे २० बाहेरच्या प्रतीत रिकामे दाखवू नका, तिथे 'खुली चर्चा' लिहा. वेळ उरला तर चर्चा खरंच छान होते, नाही उरला तर ती गेल्याचं कुणाला फारसं जाणवत नाही.

सेशनचे ५० म्हणजे भाषणाचे ५० नाहीत हं. ३५ भाषण, १० प्रश्न, ५ मिनिटं ओळख, माईक, लॅपटॉप जोडणं यात जातात. वक्त्याला आधीच '३५ मिनिटं' एवढंच सांगायचं, आणि समोर बसून १०, ५, २ असे कार्ड दाखवणारा माणूस कोण तेही सांगून ठेवायचं.

मागच्या वेळी उद्घाटनच १०:२५ ला सुरू झालं, वर पहिले वक्ते १२ मिनिटं लांबले, म्हणजे सेशन संपायला ११:५२ झाले. चहा कापायचा मोह होतो पण कापू नका, १५ मिनिटं सांगितली तरी लोक २० मिनिटांनीच परत येतात. आमच्या कॉलममध्ये आधी खुली चर्चा आणि मग दुसऱ्या सेशनचे ५ मिनिटं प्रश्न असं लिहिलेलं होतं, तसंच केलं. चहा १२:१२ पर्यंत, सेशन ४५ मिनिटांत, १२:५७ ला संपलं.

फक्त एक, प्रश्न कमी होणार हे दुसऱ्या वक्त्याला चहाच्या वेळीच जाऊन सांगा, स्टेजवर चिठ्ठी पाठवू नका. चहा घेता घेता ते स्वतःच दोन स्लाइड गाळून टाकतात.