बोगद्यात हरवलेलं अंतर परत कसं मिळवायचं

धावताना बोगद्यात शिरलं की जीपीएस घड्याळाला उपग्रह दिसेनासे होतात. बाहेर आल्यावर अनेक घड्याळं आत जाण्याचा आणि बाहेर येण्याचा बिंदू सरळ रेषेने जोडतात. रस्ता वळणाचा असेल, तर तेवढं अंतर कमी भरतं. पुलाखाली प्रकार वेगळा असतो. मुंबईत जेजे पुलाखालून धावताना वर काँक्रीट आणि दोन्ही बाजूंना इमारती असतात. सिग्नल भिंतींवर आपटून येतो, रेषा नागमोडी होते आणि अंतर कधीकधी उलट वाढतं.

काही घड्याळं आतलं अंतर हाताच्या हालचालीवरून मोजतात. तेव्हा नकाशा चुकलेला असला तरी आकडा बरोबर असू शकतो. म्हणून आधी त्या तुकड्याचा वेग बघा. समजा, ६:१२:१० ला सिग्नल गेला आणि ६:१५:१० ला आला. घड्याळाने ४६० मीटर धरले, म्हणजे वेग ६:३१ प्रति किलोमीटर. पण त्याआधी आणि नंतर तुम्ही ५:३० च्या आसपास धावत होता. गुगल मॅप्सवर रस्त्याच्या वळणाने मोजलं तर ५४० मीटर भरतात, म्हणजे ५:३३. वेग जुळला, तर ८० मीटर खरंच हरवले आहेत.

फक्त एकूण आकडा हवा असेल, तर गार्मिन कनेक्टमध्ये ॲक्टिव्हिटी एडिट करून अंतर बदला. नकाशा मात्र तसाच राहील आणि आधीच स्ट्रावावर गेलेली नोंदही बदलणार नाही.

स्ट्रावावरचं `Correct Distance` इथे दाबू नका. ते नकाशावरच्या बिंदूंवरून अंतर पुन्हा मोजतं. बिंदूच नसतील तर तीच सरळ रेषा मोजली जाईल, आणि हालचालीवरून आलेला बरोबर आकडाही बिघडेल.

नकाशासकट दुरुस्ती हवी असेल, तर स्ट्रावाच्या वेबसाइटवरून `Export Original` ने मूळ फाइल जपून ठेवा. मग `Export GPX` घेऊन ती साध्या टेक्स्ट एडिटरमध्ये उघडा. वेळेवरून खिंडार शोधा. फाइलमधली वेळ यूटीसी असते, म्हणजे आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे. आपलं ६:१२:१० तिथे 00:42:10 दिसेल. पुलाखालची नागमोडी रेषा असेल, तर आधी ते चुकीचे बिंदू काढून टाका.

आता रस्त्याच्या वळणावर दर १३५ मीटरवर एक, असे तीन बिंदू घाला. अक्षांश-रेखांश गुगल मॅप्सवर उजवं क्लिक केलं की मिळतात. वेळ ४५ सेकंदांनी पुढे न्या:

```
<trkpt lat="तुमचा अक्षांश" lon="तुमचा रेखांश">
  <time>2025-01-12T00:42:55Z</time>
</trkpt>
```

पुढचे दोन 00:43:40 आणि 00:44:25. तारीख तुमच्या फाइलमधलीच ठेवा. वळण तीव्र असेल तर बिंदू वाढवा, कारण दोन बिंदूंमध्ये पुन्हा सरळ रेषाच पडते.

अपलोड करण्याआधी स्ट्रावावरची जुनी नोंद काढावी लागते, नाहीतर नवी डुप्लिकेट म्हणून नाकारली जाते. जुनीवरचे कुडोस आणि कॉमेंट्स त्यासोबत जातात. ८० मीटरसाठी मी हे करणार नाही. अर्धा किलोमीटर गेला असेल तर जरूर करेन.